राउथ ॲरे लावून फीडबॅक सर्किट स्टेबल आहे का ते कसं ठरवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा जवळ आली की किंवा प्रोजेक्टचा बोर्ड "आपोआप वाजून राहिला" की नागपुरातल्या पोरापोरींचे तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवली. सगळीकडे एकच सर्किट धरलंय, म्हणजे दर प्रश्नाला नवीन आकडे डोक्यात घ्यावे लागणार नाहीत. सर्किट असं: १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरडच्या तीन आरसी पायऱ्या एकीला लागून एक (रेझिस्टर लाइनमध्ये, कपॅसिटर ग्राउंडला), तिसऱ्या पायरीनंतर एक ऑपॅम्प बफर, त्यानंतर इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर ज्याचा गेन K, आणि त्याचं आउटपुट परत पहिल्या रेझिस्टरला. बफर काहून टाकला? कारण इन्व्हर्टिंग ॲम्पचा इनपुट रेझिस्टर १० किलोचा आहे, तो सरळ तिसऱ्या कपॅसिटरवर बसला तर खालचं सगळं गणितच बदलतं.

१. राउथ ॲरे नेमकं काय सांगतो? रूट्स काढून देतो का?

नाही. रूट्स कुठे आहेत ते सांगत नाही, उजव्या अर्ध्या भागात किती आहेत तेवढं सांगतो, म्हणजे ज्या रूटचा रिअल पार्ट पॉझिटिव्ह आहे ते किती. एक जरी तिकडे असलं तरी सर्किटमधला बारीकसा नॉइज वाढत जातो आणि सर्किट अनस्टेबल. पहिल्या कॉलममध्ये चिन्ह जितक्या वेळा बदलतं तितके रूट उजवीकडे, एवढाच नियम. एडवर्ड राउथने ही पद्धत १८७७ मध्ये मांडली, तेव्हा तीन-चार डिग्रीच्या वरच्या पॉलिनॉमियलचे रूट हाताने काढणं म्हणजे डोकेदुखीच होती. हुर्विट्झने १८९५ मध्ये तेच उत्तर डिटर्मिनंटच्या वाटेने काढलं, म्हणून पेपरात दोन्ही नावं जोडून येतात. कसोटी एकच आहे, दोन वेगळ्या समजू नका.

२. कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल आणायचं कुठून? सर्किटमध्ये तर फक्त रेझिस्टर-कपॅसिटर दिसतात.

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात, ॲरेत नाही. आधी लूप तोडा आणि आरसी लॅडरचा ट्रान्सफर फंक्शन काढा. सोपं पडावं म्हणून `x = sRC` धरा, आणि इनपुटकडून नाही, शेवटच्या टोकाकडून मागे या. तिसऱ्या कपॅसिटरवर 1 व्होल्ट आहे असं माना. त्यातून करंट `x/R`, तो तिसऱ्या रेझिस्टरमधूनच येतो, म्हणून दुसऱ्या कपॅसिटरवर `1 + x`. दुसऱ्या कपॅसिटरचा करंट `x(1+x)/R`, तो आधीच्यात मिळवला की दुसऱ्या रेझिस्टरमधून जातात `(x^2 + 2x)/R`, म्हणून पहिल्या कपॅसिटरवर `x^2 + 3x + 1`. आणखी एकदा तेच केलं की इनपुटला लागतात

```
x^3 + 5x^2 + 6x + 1
```

म्हणजे लॅडरचा गेन याचा उलटा. आता लूप बंद करा: ॲम्प उलटा आहे, गेन वजा K, म्हणून `1 + K/(x^3 + 5x^2 + 6x + 1) = 0`, आणि छेद वर घेतला की

```
x^3 + 5x^2 + 6x + (1 + K) = 0
```

हे आपलं पॉलिनॉमियल. नेहमीची चूक म्हणजे ओपन लूपचाच छेद उचलून ॲरे मांडणं, त्यात K कुठेच नसतो आणि उत्तर कायम "स्टेबल" येतं, कारण नुसते आरसी कधी अनस्टेबल होतच नाहीत. तुमच्या पॉलिनॉमियलमध्ये K दिसत नसेल तर तिथेच थांबा.

३. ॲरे मांडायचा कसा? एकदा पूर्ण करून दाखवा ना भाऊ.

पहिल्या ओळीत एकाआड एक कोएफिशिएंट, सगळ्यात वरच्या पॉवरपासून. दुसऱ्या ओळीत उरलेले. मधली एखादी पॉवर नसेल तर तिथे शून्य लिहायचं, जागा खायची नाही. तिसऱ्या ओळीपासून प्रत्येक आकडा वरच्या दोन ओळींतून येतो: वरच्या दोन ओळींच्या पहिल्या कॉलमचे दोन आकडे आणि ज्याची जागा भरायची त्याच्या उजवीकडच्या कॉलमचे दोन आकडे घ्या, खालचा-डावा गुणिले वरचा-उजवा, त्यातून वरचा-डावा गुणिले खालचा-उजवा वजा, आणि भागायचं खालच्या-डाव्याने.

```
x^3 |  1                 6
x^2 |  5                 1+K
x^1 |  (30 - (1+K))/5    0
x^0 |  1+K
```

पहिला कॉलम वरून खाली वाचा. 1 आणि 5 पॉझिटिव्ह आहेतच. तिसरा पॉझिटिव्ह राहायला `K < 29`, चौथा राहायला `K > -1`. म्हणजे इन्व्हर्टिंग ॲम्पचा गेन २९ च्या खाली ठेवला तर सर्किट गप्प बसतं. फेज-शिफ्ट ऑसिलेटरच्या धड्यात जो २९ पाठ करून घेतात तो असाच येतो, फक्त तिथे सर्किटने वाजावं म्हणून २९ च्या वर जातात आणि इथे वाजू नये म्हणून खाली राहतात.

एक सवय लावून घ्या: एखादी अख्खी ओळ कोणत्याही पॉझिटिव्ह आकड्याने गुणली किंवा भागली तरी चालतं, चिन्हं बदलत नाहीत, अपूर्णांक मात्र निघून जातात. तिसऱ्या ओळीला 5 ने गुणून नुसतं `29 - K` लिहिलं तरी उत्तर तेच.

४. सगळे कोएफिशिएंट पॉझिटिव्ह आहेत, मग स्टेबलच झालं ना? ॲरे कशाला मांडायचा?

दोन डिग्रीपर्यंत हो, तीन डिग्रीपासून नाही. K = 40 घाला: `x^3 + 5x^2 + 6x + 41`, सगळे पॉझिटिव्ह, एकही गायब नाही. तिसऱ्या ओळीत येतं `(30 - 41)/5 = -2.2`. पहिला कॉलम 1, 5, वजा 2.2, 41. चिन्ह 5 वरून वजा 2.2 ला एकदा बदललं आणि वजा 2.2 वरून 41 ला परत एकदा, म्हणजे उजवीकडे दोन रूट. "एकच निगेटिव्ह आकडा म्हणजे एक रूट" असं लिहून पेपरात मार्क घालवणारे भरपूर आहेत. आकडे मोजायचे नाहीत, बदल मोजायचे.

उलट बाजूने मात्र नियम पक्का आहे. एखादा कोएफिशिएंट गायब असेल किंवा बाकीच्यांच्या उलट चिन्हाचा असेल, तर सर्किट स्टेबल नाही, ॲरे मांडायची गरजच नाही.

५. मित्राचं उत्तर K < 8 येऊन राहिलं, माझं २९. कोणाचं बरोबर?

दोघांचं, सर्किट वेगळं आहे. मित्राने प्रत्येक आरसी पायरीच्या मध्ये बफर टाकलाय किंवा टाकलाय असं गृहीत धरलंय. मग एक पायरी दुसरीला लोड करत नाही, ट्रान्सफर फंक्शन सरळ तिघांचा गुणाकार होतो, आणि पॉलिनॉमियल `(1+x)^3 + K`, म्हणजे `x^3 + 3x^2 + 3x + 1 + K`. इथे अट होते `9 > 1 + K`, म्हणून 8. तुमच्या पायऱ्या एकमेकीला थेट जोडल्या आहेत, पुढची पायरी मागचीवर लोड टाकते, तिन्ही पोल एकमेकांपासून लांब फाकतात, म्हणून गेन जास्त सहन होतो. पेपरात सर्किटचा फोटो दिला असेल तर बफर आहेत का ते आधी बघा, मग पेन उचला.

बफरवाल्या सर्किटचं एक मला फार आवडतं. तिथे तिन्ही टाइम कॉन्स्टंट वेगवेगळे घेतले तर अट अशी होते:

```
(T1 + T2 + T3) (1/T1 + 1/T2 + 1/T3) > 1 + K
```

डावी बाजू ९ च्या खाली कधीच जात नाही, आणि बरोबर ९ तेव्हाच जेव्हा तिन्ही सारखे. म्हणजे सारखे तीन पोल ही सगळ्यात वाईट स्थिती, आणि कपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे निघाले तर लिमिट वाढेल, कमी होणार नाही. एक कपॅसिटर मुद्दाम दहापट घेतला (T = 10, 1, 1) तर डावीकडे येतं 12 × 2.1 = 25.2, म्हणजे K ची मर्यादा 8 वरून 24.2. एक पोल बाकीच्यांपासून दूर ओढून सर्किट शांत करतात तो डॉमिनंट पोलचा प्रकार हाच.

६. K बरोबर २९ घातला तर अख्खी ओळच शून्य झाली. आता पुढे काय भागू?

अख्खी ओळ शून्य होणं म्हणजे रूट्स ओरिजिनच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर जोडीने बसलेत. आपल्या केसमध्ये जोडी काल्पनिक अक्षावर आहे. शून्य ओळीच्या वरची ओळ घ्या, तिच्यातून ऑक्झिलरी पॉलिनॉमियल बनवा: `5x^2 + 30 = 0`, म्हणून `x = ±j√6`. हाच तो आकडा ज्याच्यासाठी एवढी खटपट, कारण यातून ऑसिलेशनची फ्रिक्वेन्सी मिळते. RC = १०० मायक्रोसेकंद, म्हणून

```
f = √6 / (2π × 100 µs) ≈ 3.9 kHz
```

ॲरे पुढे न्यायचा असेल तर ऑक्झिलरीचं डेरिव्हेटिव्ह `10x` घ्या आणि शून्याच्या जागी 10 लिहा. मग पहिला कॉलम 1, 5, 10, 30, चिन्ह बदलत नाही, उजवीकडे काही नाही, फक्त अक्षावर एक जोडी. याला मार्जिनली स्टेबल म्हणतात, पण बोर्डवर असं काही टिकत नसतं: गेन केसभर कमी असला तर वेव्ह मरते, केसभर जास्त असला तर वाढत जाऊन सप्लायला आपटते आणि वरून-खालून कापली जाते. किती व्होल्टची वेव्ह येईल हे राउथला विचारू नका, ती लिनिअर गणिताच्या बाहेरची गोष्ट आहे.

७. ओळ पूर्ण शून्य नाही, फक्त पहिल्या कॉलममध्ये शून्य आलं. तेव्हा पण ऑक्झिलरी लावायचं?

नाही, ही केस वेगळी. आपल्या आरसी सर्किटमध्ये ती येत नाही, पण पेपरवाल्यांना प्रिय आहे, म्हणून बाहेरचं उदाहरण घेतो: `x^4 + x^3 + 2x^2 + 2x + 3`.

```
x^4 |  1            2    3
x^3 |  1            2
x^2 |  0 → ε        3
x^1 |  (2ε - 3)/ε
x^0 |  3
```

शून्याच्या जागी बारीकसा पॉझिटिव्ह ε घ्या. मग त्याखालचा आकडा खूप मोठा निगेटिव्ह, शेवटी 3, म्हणजे दोन बदल, उजवीकडे दोन रूट. पण प्रश्न नुसता "स्टेबल आहे की नाही" एवढाच असेल तर एवढं करायचीही गरज नाही, पहिल्या कॉलममध्ये शून्य आलं की स्टेबल नाही हे ठरलंच. ε फक्त किती रूट उजवीकडे ते मोजायला.

८. ॲरे २९ सांगतो, माझा बोर्ड चोवीस-पंचवीसलाच वाजायला लागला. ॲरे चुकीचा आहे का?

ॲरे बरोबर आहे, पॉलिनॉमियल अपुरं आहे. सीताबर्डीच्या दुकानातून आणलेला साधा ७४१ लावला असेल तर त्याचा गेन-बँडविड्थ साधारण १ मेगाहर्ट्झ. इन्व्हर्टिंग ॲम्पचा गेन २४ च्या आसपास असला की बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ भागिले `1 + K`, म्हणजे २५ ने भागून ४० किलोहर्ट्झ. हा चौथा पोल झाला, आणि तो तुम्ही लिहिलाच नव्हता. ४० किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ४ मायक्रोसेकंद, आपल्या १०० मायक्रोसेकंदांच्या मापात 0.04. आता नवीन पॉलिनॉमियल `(1 + 0.04x)(x^3 + 5x^2 + 6x + 1) + K`, उलगडलं की:

```
x^4 |  0.04     5.24    1+K
x^3 |  1.2      6.04
x^2 |  5.04     1+K
x^1 |  6.04 - 1.2(1+K)/5.04
x^0 |  1+K
```

चौथ्या ओळीची अट `1 + K < 25.4`, म्हणून K साधारण 24.4 पर्यंतच. दिसायला ४० किलोहर्ट्झचा पोल ४ किलोहर्ट्झच्या कामापासून दहापट लांब आहे, "त्याने काय फरक पडतो" असं वाटतं, पण मर्यादा २९ वरून २४ वर आली ना. फ्रिक्वेन्सीही सरकते: `x^2 = -6.04/1.2`, म्हणजे सुमारे ३.५७ किलोहर्ट्झ. म्हणून ओळखायचं कसं तर स्कोपवर फ्रिक्वेन्सी बघा. ३.९ च्या जागी ३.६ च्या आसपास दिसली तर ऑपॅम्पच दोषी आहे. (बफरचाही पोल असतो, पण त्याचा गेन एक असल्यामुळे तो १ मेगाहर्ट्झला जातो, सोडून दिला तरी चालतो.) जास्त बँडविड्थचा ऑपॅम्प टाकला की मर्यादा परत २९ कडे सरकते.

काही जण म्हणतात की मे महिन्यात लॅबमध्ये ४५ अंश असतं म्हणून कपॅसिटर बदलतात आणि त्यामुळे लवकर वाजतं. तिन्ही एकाच जातीचे असतील आणि सारख्याच प्रमाणात बदलले, तर ते `x = sRC` मध्येच विरघळून जातं, फ्रिक्वेन्सी सरकते पण २९ हलत नाही. एकच कपॅसिटर वेगळ्या जातीचा असेल तर गोष्ट वेगळी.

९. माझं सर्किट वाजत नाही, आउटपुट सरळ प्लस सप्लायला जाऊन चिकटून बसतं. हे पण अनस्टेबल का?

हो, पण दुसऱ्या तऱ्हेने, आणि ॲरे दोन्हीतला फरक दाखवतो. प्रश्न ३ मधली दुसरी अट आठवा, `K > -1`. तुम्ही इन्व्हर्टिंगच्या जागी चुकून नॉन-इन्व्हर्टिंग ॲम्प जोडला, गेन समजा ३, तर K झाला वजा 3. पहिला कॉलम 1, 5, 6.4, वजा 2. इथे चिन्ह एकदाच बदलतं, म्हणजे उजवीकडे एकच रूट, आणि एकटा रूट रिअलच असावा लागतो. रिअल पॉझिटिव्ह रूट हेलकावे खात नाही, एकाच दिशेने वाढत जातो आणि सप्लायला चिकटतो. म्हणून स्कोपवर वेव्ह दिसली तर गेन बघा, चिकटलेलं दिसलं तर आधी ऑपॅम्पच्या प्लस-मायनस पिना तपासा.

१०. K = 10 ठेवला, ॲरे स्टेबल म्हणतो, तरी स्टेप दिली की बराच वेळ थरथरतं. किती दूर आहोत ते कळतं का?

गेनच्या बाजूने लगेच कळतं: मर्यादा 29, आपण 10 वर, म्हणजे गेन अजून 2.9 पट वाढवायला जागा आहे. थरथर किती वेळात मरेल ते पाहायचं तर अक्षच डावीकडे सरकवा. `x = z - 0.2` घालून परत पॉलिनॉमियल लिहा: `z^3 + 4.4z^2 + 4.12z + 9.99`. 4.4 × 4.12 = 18.1, ते 9.99 पेक्षा मोठं, म्हणजे सगळे रूट वजा 0.2 च्याही डावीकडे. आता 0.5 ने सरकवा: `z^3 + 3.5z^2 + 1.75z + 9.125`, इथे 3.5 × 1.75 = 6.1, कमी पडलं. म्हणजे सगळ्यात आळशी जोडी 0.2 आणि 0.5 च्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तिचा टाइम कॉन्स्टंट २०० ते ५०० मायक्रोसेकंदांच्या दरम्यान. डिझाइनला एवढं पुरतं बहुतेक वेळा.

११. दादा, `np.roots` एका सेकंदात रूट देतो, मग हे हाताने कशाला?

आकडे ठरलेले असतील तर खुशाल वापरा, मीही वापरतो.

```
import numpy as np
print(np.roots([1, 5, 6, 30]))
```

पण त्यात K नुसता अक्षर म्हणून ठेवता येत नाही. ॲरे थेट `K < 29` देतो आणि कोणत्या कोएफिशिएंटमुळे अट आली तेही दाखवतो. दुसरं म्हणजे वरच्या केसमध्ये खरं उत्तर वजा 5 आणि ±j2.449 आहे, पण कम्प्युटर रिअल पार्ट अगदी शून्य न देता दहाचा वजा पंधराव्या-सोळाव्या घातासारखा कचरा देऊ शकतो, आणि त्याचं चिन्ह बघून स्टेबल-अनस्टेबल ठरवायला गेलात तर फसलात. काठावरची केस असली की ऑक्झिलरीच बरं (प्रश्न ६).

१२. लूपमध्ये डिले असेल, म्हणजे मध्ये मायक्रोकंट्रोलर सॅम्पल घेऊन पुढे देतो, तर ॲरे चालतो का?

थेट नाही. डिले म्हणजे `e^(-sT)`, ते पॉलिनॉमियलच नाही, ते लूपमध्ये आलं की कॅरॅक्टरिस्टिक समीकरणाला अगणित रूट असतात, ॲरेला मांडायला शेवटची ओळच सापडणार नाही. पाडे अप्रॉक्झिमेशनने डिलेच्या जागी `(1 - sT/2)/(1 + sT/2)` लिहून ॲरे मांडता येतो, पण ते तेव्हाच विश्वासाचं जेव्हा ऑक्झिलरीतून निघालेल्या फ्रिक्वेन्सीला ωT एकपेक्षा बराच लहान असतो. म्हणून आधी ॲरे मांडा, फ्रिक्वेन्सी काढा आणि T ने गुणून बघा. आपल्या ३.९ किलोहर्ट्झला ω सुमारे २४,५०० रेडियन पर सेकंद, त्यामुळे १० मायक्रोसेकंदांचा डिले असेल तर ωT सुमारे 0.25, चालून जातं. १०० मायक्रोसेकंदांचा असेल तर नवीन फ्रिक्वेन्सी घेऊन परत तपासा, आणि ωT एकच्या जवळ राहिला तर ॲरे बाजूला ठेवून नायक्विस्ट काढा.